स्टॉक फ्युचरचा प्रीमियम वाचताना होणाऱ्या चुका आणि तो मोजण्याची नीट पद्धत

इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या घरी महिन्यातून एका रविवारी आठ-दहा जण लॅपटॉप आणि वह्या घेऊन बसतो. पोहे होईपर्यंत प्रत्येक जण आपापले आकडे मांडतो, आणि जवळपास दर वेळी कुणीतरी म्हणतं, "फ्युचर 110 रुपये वर आहे, म्हणजे बाजार जोरात आहे." मग दुसरा कुणी एखादा शेअर दाखवतो, "याचं फ्युचर खाली आलंय, मंदीवाले घुसलेत." दोन्ही निष्कर्ष चुकीचे असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातच. तफावत हाताशी असते, पण ती मोजली जात नाही, नुसती पाहिली जाते. म्हणून आमच्याकडे जी पद्धत हळूहळू ठरत गेली, ती क्रमाने लिहून काढतो आहे.

आधी ही तफावत म्हणजे काय ते पक्कं करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फ्युचर म्हणजे पुढच्या ठरलेल्या तारखेचा, आज भाव ठरवून केलेला करार. त्याचा भाव शेअरच्या आजच्या भावापेक्षा जितका वर, तो प्रीमियम, आणि जितका खाली, तो डिस्काउंट. आमच्यातले एक काका छावणीच्या मंडीत सोयाबीनचा व्यापार करत. हाजर भाव आणि वायद्याचा भाव यांच्यात गोदामाचं भाडं, तूट आणि व्याज असतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सोयाबीनचा वायदा सेबीने डिसेंबर 2021 मध्ये थांबवला, पण हिशोबाची ती रीत शेअरलाही लागू पडते. शेअरला गोदाम लागत नाही आणि तूटही येत नाही. उरतं ते व्याज, आणि त्यातून वजा होणारा लाभांश.

म्हणजे फ्युचर घेणारा माणूस पूर्ण पैसे न देता शेअरच्या चढ-उताराचा धनी होतो. पूर्ण पैसे दुसरा कुणीतरी लावतो. आपल्याकडे तो दुसरा बहुतेक वेळा आर्बिट्राज फंड असतो. फंड रोखीत शेअर विकत घेतो, त्याच शेअरचं फ्युचर विकतो आणि मधला फरक खिशात टाकतो. तो फरक म्हणजे फ्युचर घेणाऱ्याने दिलेलं व्याज. घेणारे अधीर झाले की ते जास्त व्याज द्यायला तयार होतात, आणि प्रीमियम फुगतो. आपल्याला मोजायचं आहे ते हे व्याज. बाजाराची दिशा यातून मोजता येत नाही.

## मोजण्याआधीची तयारी

चार गोष्टी समोर हव्यात. त्या नसतील तर त्या दिवशी मोजू नका.

पहिली, एनएसईची त्या दिवसाची फ्युचर-ऑप्शनची भावकॉपी, म्हणजे दिवसअखेरच्या भावांची फाइल. सध्याच्या स्वरूपातल्या फाइलीत फ्युचरचा बंद भाव `ClsPric` या रकान्यात असतो, त्याच ओळीत मूळ शेअरचा भाव `UndrlygPric` मध्ये, करार संपण्याची तारीख `XpryDt` मध्ये आणि ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेले करार, `OpnIntrst` मध्ये. शेअरची फ्युचर्स वेगळी काढायला `FinInstrmTp` या रकान्यात `STF` निवडायचं, निर्देशांकासाठी `IDF`.

दुसरी, 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जाचा, ताजा दर. रिझर्व्ह बँक दर बुधवारी लिलाव करते, त्यातला कट-ऑफ परताव्याचा दर घ्यायचा. बिनजोखमीचा पैसा आज काय भावाने मिळतो, हे कळायला तो पुरेसा आहे.

तिसरी, लाभांशाची यादी. एक्स-डिव्हिडंड तारखेपासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही. तुम्ही पाहत असलेल्या शेअरची ही तारीख करार संपायच्या आत येते का, आणि किती रुपये, एवढंच हवं.

चौथी, तुमची स्वतःची जुनी वही. एखाद्या शेअरचा प्रीमियम आज जास्त आहे की नाही, हे त्याच शेअरच्या मागच्या आकड्यांशी ताडून ठरतं. निदान सहा महिन्यांची, जमल्यास वर्षाची नोंद हवी. जुन्या भावकॉप्या उतरवून ती एका शनिवारी तयार करता येते.

थांबा: सकाळी गिफ्ट निफ्टीचा, म्हणजे गिफ्ट सिटीत रात्रीही चालणाऱ्या निफ्टी फ्युचरचा, भाव आणि काल दुपारी बंद झालेला निफ्टी यांच्यातल्या फरकाला प्रीमियम म्हणू नका. दोन भावांमध्ये पूर्ण रात्र गेलेली असते. तो फरक रात्रीच्या बातम्यांचा आहे, त्यात व्याज शोधून सापडणार नाही.

## टप्पा 1: दोन्ही भाव एकाच क्षणाचे घ्या

हा टप्पा सोपा वाटतो म्हणून इथेच सर्वांत जास्त घसरगुंडी होते. प्रीमियम हा दोन मोठ्या आकड्यांमधला छोटासा फरक आहे. 800 रुपयांच्या शेअरमध्ये महिन्याचा प्रीमियम चार-सहा रुपयांचा असतो. शेअर दोन मिनिटांत दोन रुपये हलला आणि तुम्ही एक भाव आधीचा, एक नंतरचा घेतला, तर तुमच्या मोजमापाचा तिसरा हिस्सा चुकला.

बाजार चालू असताना मोजायचं असेल तर दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला, बाजार शांत असताना, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन वेळा दोन्ही भाव एकदम टिपा आणि मधली तफावत धरा. शेवटचा झालेला सौदा घेऊ नका. खरेदी आणि विक्रीच्या बोलींचा मध्य घ्या, कारण पुढच्या महिन्याच्या करारात शेवटचा सौदा वीस मिनिटांपूर्वीचाही असू शकतो.

संध्याकाळी भावकॉपीवरून करत असाल तर `LastPric` सोडून `ClsPric` वापरा, आणि दररोज तेच वापरा. आज एक रकाना, उद्या दुसरा, असं झालं की वहीतली तुलना मोडते.

## टप्पा 2: रुपयातला फरक वर्षाच्या टक्क्यात आणा

करार संपायला 26 दिवस असताना 6 रुपयांचा प्रीमियम आणि 12 दिवस असताना 6 रुपयांचा प्रीमियम यांची तुलनाच होत नाही. प्रीमियम दिवसागणिक वितळतो आणि करार संपताना शून्य होतो. म्हणून तो वार्षिक व्याजदरात बदलायचा. एक्सेलमध्ये B रकान्यात शेअरचा भाव, C मध्ये फ्युचरचा, D मध्ये येणारा लाभांश आणि E मध्ये उरलेले दिवस ठेवा:

```
=((C2-B2+D2)/B2)*(365/E2)*100
```

दिवस मोजताना सुट्ट्या वगळायच्या नाहीत. व्याज शनिवार-रविवारीही चढतं. करार संपण्याची तारीख वजा आजची तारीख, इतकंच. सप्टेंबर 2025 पासून एनएसईचे करार महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपतात, त्याआधी ते गुरुवारी संपत. जुन्या आणि नव्या नोंदी एकाच पत्रकात असतील तर तारीख हाताने भरू नका, `XpryDt` मधूनच येऊ द्या. आमच्यातल्या एका वहिनींच्या पत्रकात काही महिने गुरुवारच राहिला होता. प्रत्येक आकड्यात दोन दिवस जास्त धरले जात होते, आणि महिनाअखेर जवळ आली की दर खोटाच उतरलेला दिसायचा.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे पद्धत दाखवण्यासाठी घेतलेले आहेत. शेअर 800 रुपये, जवळचं फ्युचर 806.40 रुपये, 26 दिवस बाकी, मध्ये लाभांश नाही. फरक 6.40, म्हणजे 0.8 टक्के. तो 365/26 ने गुणला की वार्षिक 11.2 टक्के येतो. ट्रेझरी बिलाचा दर 5.5 टक्के धरला तर फ्युचर घेणारे बिनजोखमीच्या दरावर साधारण 5.7 टक्के जादा मोजत आहेत. हा जादा भाग आपला मुख्य आकडा. वहीत आम्ही त्याला नुसतं "जादा" म्हणतो.

हे व्याज पूर्ण कराराच्या किमतीवर पडतं, मार्जिनवर, म्हणजे करार घेताना भरलेल्या अनामतीवर नाही, हेही समजून घ्या. समजा या शेअरला कराराच्या किमतीच्या 20 टक्के मार्जिन लागतं. शेअर 26 दिवस जागचा हललाच नाही, तरी घेणाऱ्याने 0.8 टक्के गमावले, म्हणजे आपल्या मार्जिनचे 4 टक्के. हे सोसूनही जो करार धरून बसतो, त्याला भाव लवकर आणि बराच वर जाईल असं वाटतं आहे. उधारीची भूक म्हणतात ती हीच.

तपासा: करार संपायला पाचपेक्षा कमी दिवस असतील तर जवळच्या महिन्याचा वार्षिक आकडा फेकून द्या. 800 रुपयांच्या शेअरमध्ये भावाची सर्वांत लहान पायरी 5 पैसे. दोन दिवस बाकी असताना त्या एका पायरीने वार्षिक दर 1.1 टक्क्याने हलतो. तिथे तुम्ही फक्त 5 पैसे मोजत असता.

## टप्पा 3: लाभांश परत मिळवा

फ्युचर धरणाऱ्याला लाभांश मिळत नाही, शेअर धरणाऱ्याला मिळतो. त्यामुळे करार संपायच्या आत लाभांश येणार असेल तर फ्युचर तेवढ्याने आधीच खाली असतं. 800 रुपयांच्या त्याच शेअरवर 10 रुपये लाभांश येणार असता, तर 11.2 टक्के व्याज धरूनही फ्युचर 796.40 वर दिसलं असतं. पडद्यावर डिस्काउंट, आणि प्रत्यक्षात घेणाऱ्यांची भूक तितकीच. जूनमध्ये मी एकदा अशाच तीन शेअरपुढे "शॉर्ट वाढतायत", म्हणजे भाव पडेल म्हणून विकणारे वाढतायत, असं लिहून ठेवलं होतं. तिन्हींची एक्स-तारीख त्याच महिन्यात होती. त्या नोंदीवर विसंबून एका मित्राने आपला चांगला हेज, म्हणजे घसरणीपासून संरक्षण देणारा सौदा, मोडला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून लाभांशाचा रकाना रिकामा असेल तर आम्ही ती ओळ वाचतच नाही. लाभांश नसेल तर तिथे स्पष्ट शून्य लिहायचं.

इथे दोन बारकावे आहेत. लाभांश शेअरच्या बाजारभावाच्या 2 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर एक्सचेंज तो असाधारण मानून कराराचा भावच जुळवून घेतं. मग तुम्ही पुन्हा मिळवायचा नाही, नाहीतर दोनदा धरला जाईल. आणि एक्स-तारीख उलटली की D रकाना त्याच दिवशी शून्य करायचा. हे विसरलं तर एका रात्रीत "भूक" वाढल्याचा भास होतो.

निफ्टीचंही असंच आहे. आपण पाहतो तो निफ्टी लाभांश न धरणारा निर्देशांक आहे, आणि मोठ्या कंपन्यांचे बरेचसे लाभांश मे ते ऑगस्टच्या दरम्यान येतात. समजा निफ्टी 25,000, फ्युचर 25,112, बाकी दिवस 22. नुसत्या फरकावरून दर 7.4 टक्के येतो. त्या काळात 18 अंशांचा लाभांश जाणार असेल तर खरा फरक 130 अंशांचा, आणि दर 8.6 टक्के. जादा 1.9 वरून 3.1 वर गेला. निष्कर्ष बदलायला एवढा फरक पुरतो.

## टप्पा 4: जवळचा आणि पुढचा महिना मिळवून 30 दिवसांचा आकडा काढा

महिन्याच्या सुरुवातीला जवळचा करार एकटा पुरतो. पुढच्या महिन्यात तेव्हा सौदे इतके विरळ असतात की त्याचा आकडा धरवत नाही. पण साधारण 15 दिवस उरले की दोन्ही घ्यायला लागा. शेवटच्या आठवड्यात सगळे जण पुढच्या महिन्यात सरकत असतात, आणि उधारीचा खरा भाव तिथे ठरत असतो.

वरच्याच शेअरकडे दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू. शेअर 802, जवळचं फ्युचर 803.60, 12 दिवस बाकी. पुढच्या महिन्याचं फ्युचर 806.80, 40 दिवस बाकी. आमच्या बैठकीत हे पाहून एकाने म्हटलं असतं, "प्रीमियम 6.40 वरून 1.60 वर आला, पण दिवस कमी झाले, तेवढं चालायचंच." हिशोब केला की तसं दिसत नाही. जुना 11.2 टक्के दर कायम असता तर 12 दिवसांचा प्रीमियम अजून जवळपास 2.96 असायला हवा होता. तो 1.60 आहे, म्हणजे वार्षिक 6.1 टक्के. पुढच्या महिन्याचा दर 5.5 टक्के.

या दोन्हींतून 30 दिवसांचा दर काढायचा. 30 हा आकडा 12 आणि 40 च्या मध्ये जिथे बसतो, त्या प्रमाणात वजन द्यायचं. जवळच्याला (40−30)/28, म्हणजे 0.36, आणि पुढच्याला 0.64. उत्तर येतं 5.7 टक्के. ट्रेझरी बिलापेक्षा जादा फक्त 0.2. दोन आठवड्यांपूर्वी 5.7 जादा देणारे आता जवळपास काहीच जादा देत नाहीत, आणि भाव मात्र दोन रुपये वरच आहे.

तपासा: पुढच्या महिन्यातून जवळचा महिना वजा करून रोलचा, म्हणजे करार पुढच्या महिन्यात सरकवण्याचा, दर वेगळा काढून बघा. इथे 3.20 रुपये, 28 दिवसांसाठी, म्हणजे वार्षिक 5.2 टक्के. हा आणि वरचा आकडा जवळपास असतील तर मोजमाप धड झालं. दोघांत चार-पाच टक्क्यांचं अंतर असेल तर बहुधा पुढच्या महिन्याचा भाव शिळा आहे, किंवा कुठला तरी लाभांश राहून गेला आहे.

## टप्पा 5: ओपन इंटरेस्ट शेजारी ठेवा

दर एकटा वाचला तर अर्धीच गोष्ट कळते. उधारीचा भाव वाढण्याची कारणं दोन. मागणारे वाढले, किंवा देणारे कमी झाले. कोणतं झालं हे ओपन इंटरेस्ट सांगतो.

तिन्ही महिन्यांचा ओपन इंटरेस्ट मिळवून घ्या, तोही शेअरच्या संख्येत. फक्त जवळच्या महिन्याचा घेतला तर रोलओव्हरच्या दिवसांत तो पडतोच, आणि लोक बाहेर निघाले असं वाटतं. ते निघालेले नसतात, पुढच्या महिन्यात सरकलेले असतात. रुपयात घेतला तर नुसता भाव वाढल्यानेही तो वाढलेला दिसतो. बोनस किंवा शेअरची विभागणी झाली असेल तर आधीच्या नोंदी त्या प्रमाणात बदलून घ्या.

आपल्या उदाहरणातला शेअर पहिल्या नोंदीच्या आधीच्या दहा सत्रांत 740 वरून 800 वर गेला, आणि एकूण ओपन इंटरेस्ट 4 कोटी शेअरवरून 5.2 कोटींवर. दर त्याच काळात चढला. भाव वर, करार वाढते, दर चढा. हे तिन्ही एकत्र आले की उधारीवर खरेदी चालली आहे असं मी धरतो. दुसऱ्या नोंदीला ओपन इंटरेस्ट 5.3 कोटी, म्हणजे कुणी फारसं निघालेलं नाही, पण दर उतरला. हीच अवस्था मला सर्वांत जास्त काळजीची वाटते. करार भरलेले आहेत, आणि नवा घेणारा जादा द्यायला तयार नाही. भाव चार-पाच टक्के घसरला तर मार्जिनचे फोन एकाच वेळी अनेकांना जातील. मात्र इथे घाई करू नये, कारण दर उतरण्याचं दुसरं, निरुपद्रवी कारणही असू शकतं. चढा दर पाहून आर्बिट्राज फंडांचा पैसा आला आणि त्यांनी फ्युचर विकून तो खाली आणला.

हे दोन ओळखण्यासाठी एनएसई दररोज सहभागींनुसार ओपन इंटरेस्टची फाइल देते, `fao_participant_oi_` ने सुरू होणारी. त्यात `Client`, `DII`, `FII` आणि `Pro` अशा चार ओळी असतात. `DII` पुढचा `Future Stock Short` आणि `Client` पुढचा `Future Stock Long` एवढे दोनच रकाने पाहा. आर्बिट्राज फंड देशी संस्थांमध्ये मोडतात, त्यामुळे पहिला रकाना हा उधार देणाऱ्यांचा ढोबळ अंदाज आहे. दुसरा साध्या गुंतवणूकदारांच्या उधारीचा. दोन्ही वाढत असून दर उतरला, तर देणारे वाढले. `Client` चा आकडा थबकला आणि दर उतरला, तर भूक ओसरली. फाइल पूर्ण बाजाराची आहे, एका शेअरची नाही, तेव्हा ती एका शेअरच्या निष्कर्षाला आधार म्हणूनच वापरायची.

थांबा: शेअर एफ-अँड-ओ बॅनमध्ये असेल तर त्याची नोंद सोडून द्या. ओपन इंटरेस्ट बाजारव्यापी मर्यादेच्या 95 टक्क्यांपलीकडे गेला की आपली पोझिशन वाढवता येत नाही, फक्त कमी करता येते. तेव्हा प्रीमियम नियमामुळे वाकतो, भुकेमुळे नाही.

## टप्पा 6: एका शेअरवरून बाजाराकडे जा

"बाजारात उधारी किती आहे" हा प्रश्न असेल तर निफ्टीच्या फ्युचरवर थांबू नका. त्यात परदेशी संस्था आपल्या शेअरसाठ्याचं हेजिंग करतात, विकून ठेवतात, आणि त्या विक्रीखाली साध्या लोकांची उधारी झाकली जाते. ती उघडी दिसते शेअरच्या फ्युचरमध्ये.

आमची रीत अशी. ओपन इंटरेस्टच्या रुपयातल्या किमतीनुसार वरचे 20 शेअर घ्यायचे. प्रत्येकाचा लाभांश धरून 30 दिवसांचा दर काढायचा, त्यातून ट्रेझरी बिलाचा दर वजा करायचा, आणि 20 आकडे चढत्या क्रमाने लावून मधले दोन घेऊन त्यांची सरासरी धरायची. सगळ्यांची सरासरी घेऊ नका. एखाद्या शेअरमध्ये बायबॅक किंवा विलीनीकरणाची बातमी असली की त्याचा एकट्याचा दर 25 टक्के किंवा उणे 15 असू शकतो, आणि तो सगळी सरासरी ओढून नेतो.

मग हा मधला आकडा वहीतल्या मागच्या वर्षाच्या आकड्यांत कुठे बसतो ते पाहा. वरच्या दहाव्या हिश्शात असेल आणि एकूण ओपन इंटरेस्टही वाढत असेल, तर मी स्वतःच्या उधारीच्या करारांची संख्या निम्मी करतो. भाव पडणार असं मला कळलं म्हणून नव्हे. पडला तर तो नेहमीपेक्षा जोरात पडेल एवढ्यासाठी. असा चढा दर आठवडेच्या आठवडे टिकलेला मी पाहिला आहे. तारीख सांगायला हे मोजमाप उपयोगाचं नाही, त्या कामाला ते जुंपू नका.

## डिस्काउंट वाचताना

प्रीमियम आणि डिस्काउंट ही एकाच मापाची दोन टोकं नाहीत, आणि यात जुनी माणसंसुद्धा चुकतात. प्रीमियम फार वाढला तर आर्बिट्राज करणारे शेअर घेतात, फ्युचर विकतात आणि तो खाली आणतात. त्यासाठी फक्त पैसा लागतो. डिस्काउंट मिटवायचा तर उलटं करावं लागतं. फ्युचर घ्यायचं आणि शेअर विकायचा. ज्याच्याकडे शेअर आहे त्याला ते जमतं. नाही त्याला तो उसना आणावा लागतो, आणि आपल्याकडे शेअर उसने देण्या-घेण्याचा बाजार, एसएलबी, फार उथळ आहे. त्यामुळे डिस्काउंट अडकून राहू शकतो. मार्च 2020 मध्ये निफ्टीचं फ्युचर दिवसेंदिवस खुद्द निफ्टीच्या खाली होतं, कारण सगळ्यांना एकाच वेळी संरक्षण हवं होतं आणि दुसऱ्या बाजूला उभं राहणारे थोडे होते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी लाभांश तपासा. मग बॅन तपासा. मग भाव एकाच वेळचे आहेत का ते पाहा. तिन्हींतून निभावून निघालेला डिस्काउंट, आणि सोबत वाढता ओपन इंटरेस्ट असेल, तरच शॉर्ट किंवा हेजिंग वाढलं असं म्हणा. ओपन इंटरेस्ट घटत असेल तर बहुधा उधारीवर घेतलेले करार मोडले जात आहेत. विकणारे घाईत आहेत, म्हणून फ्युचर आधी पडतं आणि शेअर मागून येतो. हे दोन-तीन दिवसांत ओसरतं, आणि ओसरल्यावर दर पुन्हा ट्रेझरी बिलाच्या आसपास आला की करार मोडणं संपत आल्याची ती खूण असते.

## जे या मापात येत नाही

ब्रोकरकडून मार्जिन ट्रेडिंग सुविधेवर, म्हणजे एमटीएफवर घेतलेले शेअर फ्युचरमध्ये दिसत नाहीत. लोक फ्युचर सोडून तिकडे वळले तर प्रीमियम थंड पडेल आणि उधारी तेवढीच राहील. ब्रोकरांच्या एमटीएफ थकबाकीचा आकडा एक्सचेंज देतं. तो महिन्यातून एकदा वहीत लिहा, आणि दर उतरत असताना तो चढतो आहे का ते बघा. ऑप्शनमधली उधारीही इथे नाही. ती प्रीमियमऐवजी ऑप्शनच्या भावात बसलेली असते.

मार्चअखेरचे दोन आठवडेही वेगळे वाचा. कंपन्या वर्षअखेरीला फंडांतून पैसा काढतात, तेव्हा उधार देणारा हात आखडतो आणि दर चढतो. ओपन इंटरेस्ट वाढलेला नसेल तर त्या चढाला भूक समजू नका. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोजा, मगच मागच्या महिन्यांशी तुलना करा.

करांचे आणि शुल्कांचे दर बदलले तर वहीत त्या तारखेवर आडवी रेघ मारा. रोखीत डिलिव्हरी घेताना आणि विकताना 0.1 टक्के एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, पडतो, फ्युचर विकताना वेगळा. आर्बिट्राज करणारा हा खर्च प्रीमियममधून वसूल करतो, त्यामुळे खर्च वाढला की प्रीमियमचा नेहमीचा पायाच वर सरकतो. रेघेच्या आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे एकाच रांगेत लावले तर वरच्या दहाव्या हिश्शाची मोजणी खोटी ठरते. रेघेनंतर निदान तीन महिने जाऊ द्या, आणि तोपर्यंत दराच्या आकड्याऐवजी तो कोणत्या बाजूला सरकतो आहे एवढंच पाहा.